बदललेली ओळ आणि छापलेली पावती

किराणा दुकानाच्या बिलाची एक पावती माझ्या टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे. अठ्ठावन्न मिलिमीटर रुंदीचा कागद, त्यावर एकाखाली एक दोन ओळी. दोन्हींत नाव एकच, ‘शेंगदाण्याचे’, आणि दर मात्र वेगवेगळे. एक ओळ तेलाची, दुसरी कुटाची. गिऱ्हाईक विचारत होतं, एकाच मालाचे दोन भाव कसे लावलेत? हा घोळ ज्या बदलामुळे झाला, तो मी स्वतः वाचून मंजूर केला होता.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये एखाद्याने केलेला बदल थेट मूळ प्रोग्राममध्ये जात नाही. तो आधी सहकाऱ्यांसमोर ठेवला जातो. त्याला पुल रिक्वेस्ट, बोलताना पीआर म्हणतात. तपासणाऱ्याला पडद्यावर दिसतो तो डिफ, म्हणजे कोणत्या ओळी काढल्या आणि कोणत्या घातल्या याचा तक्ता. काढलेल्या ओळीआधी वजा आणि घातलेल्या ओळीआधी अधिक असतं. त्या पीआरचा गाभा एवढाच होता:

```diff
-    return item.name
+    return item.name[:12]
```

मालाचं नाव लांब असलं की दराचा रकाना सरकत होता, म्हणून नावाची पहिली बारा अक्षरंच घ्यायची. सोबत टेस्टही होती. ‘Toor Dal 1kg Loose’ दिलं की ‘Toor Dal 1kg’ मिळायला हवं, आणि ते मिळत होतं. डिफमध्ये खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी दोन मिनिटांत होकार दिला.

चूक त्या ओळीबाहेर होती. आपण ज्याला अक्षर म्हणतो आणि संगणक ज्याला अक्षर म्हणतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ण्या’ आपल्याला एक जोडाक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ते चार चिन्हांचं बनतं: ण, हलन्त, य आणि काना. त्यामुळे ‘शेंगदाण्याचे’ या शब्दातच बारा चिन्हं संपतात आणि पुढचं ‘तेल’ किंवा ‘कूट’ कापलं जातं. ‘शेंगदाण्याच्या वड्या’चं तर ‘शेंगदाण्याच्’ झालं, कारण कात्री नेमकी हलन्तानंतर पडली. दुकानातल्या मालाची नावं मराठीत आहेत हे डिफमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते डेटाबेसमध्ये होतं.

बदललेल्या ओळी काय सांगतात हे डिफ दाखवतो. त्या ओळींचा परिणाम ज्यांच्यावर ठरतो, ती माहिती, न बदललेला कोड आणि मशिनवर बसवलेल्या लायब्रऱ्या डिफमध्ये नसतात. मुद्रितशोधनातही हेच होतं. दुरुस्त केलेली ओळ बिनचूक असते, पण तिच्यामुळे शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली का, हे नवं प्रूफ काढल्यावरच कळतं.

म्हणून पीआर वाचताना मी आता स्वतःला एक प्रश्न विचारतो. खऱ्या वापरातली एक नोंद घेतली, तर हा कोड तिचं नेमकं काय करेल हे मला चालवण्याआधी कागदावर लिहिता येईल का? लिहिता आलं आणि ती वाट एखाद्या टेस्टने तपासलेली असली, तर वाचन पुरतं. टिपणीतली दुरुस्ती, एका फाइलपुरतं नाव बदलणं, लॉगमधला मजकूर अशा बदलांसाठी पीआर आपल्या मशिनवर आणण्यात वेळ घालवू नये. उत्तर लिहिताना ‘बहुधा’ हा शब्द आला, की पीआर उतरवून चालवायचा. पडद्यावर किंवा कागदावर दिसणारं काही बदलत असेल, डेटाबेसची रचना बदलत असेल किंवा एखाद्या लायब्ररीची आवृत्ती बदलत असेल, तर तो ‘बहुधा’ जवळजवळ नेहमीच येतो.

उतरवणं अवघड नाही. गिटहबवर पीआरचा क्रमांक २१४ असेल, तर एवढं पुरतं:

```
git fetch origin pull/214/head:pr-214
git worktree add ../pr-214 pr-214
```

दुसऱ्या ओळीमुळे तो बदल शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये उघडतो आणि आपलं अर्धवट काम जागचं हलत नाही. मग मी आधी जुना प्रोग्राम चालवतो आणि मूळ तक्रार डोळ्यांनी पाहतो. रकाना खरंच सरकतो का? जुना त्रास दिसलाच नाही, तर नव्या कोडने तो घालवला असं म्हणायला आधार उरत नाही. त्यानंतर तीच नोंद नव्या कोडला देतो. नोंदी निवडताना सर्वांत लांब, सर्वांत आखूड आणि जोडाक्षरांनी भरलेलं अशी तीन नावं घेतो.

चूक सापडल्यावर आलेला दुसरा पीआर मी असाच चालवला. त्यात चिन्हांऐवजी डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजली होती आणि वाचताना ते अगदी योग्य वाटत होतं. पण ‘शेंगदाण्याचे तेल’ हे नाव, मधली मोकळी जागा धरून, त्याच्या मशिनवर आठ अक्षरांचं भरलं आणि माझ्या मशिनवर नऊ. देवनागरी जोडाक्षर मध्ये तोडायचं नाही हा नियम युनिकोडच्या अक्षरगटांच्या व्याख्येत २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आला. माझ्याकडची लायब्ररी त्याआधीची होती, त्यामुळे ती ‘ण्’ आणि ‘या’ वेगळे मोजत होती. दुकानातल्या मशिनवर कोणती आवृत्ती आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी नाव कापायचंच नाही, लांब असेल तर दुसऱ्या ओळीवर न्यायचं असं ठरलं. तो तिसरा पीआर आम्ही खऱ्या प्रिंटरवर छापून पाहिला.

चालवण्यालाही मर्यादा आहेत. आपण ज्या वाटेने गेलो तेवढीच वाट तपासली जाते. दोन माणसांनी एकाच क्षणी बटण दाबल्यावर होणारा गोंधळ किंवा पासवर्ड न विचारता उघडं राहिलेलं दार एकदा चालवून सहसा सापडत नाही. ते वाचूनच शोधावं लागतं. अनोळखी माणसाचा पीआर तर आधी पूर्ण वाचावा. लायब्रऱ्या बसवण्याच्या नुसत्या आज्ञेनेही त्याने लिहिलेला कोड आपल्या मशिनवर चालू शकतो, म्हणून असं काम वेगळ्या कंटेनरमध्ये करावं. डेटाबेसची रचना बदलणारा पीआर आपल्या नेहमीच्या डेटाबेसवर न चालवता त्याच्या प्रतीवर चालवावा, कारण काढून टाकलेला रकाना जुन्या ब्रँचवर परतल्याने आतल्या माहितीसह परत येत नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. `head` वर मिळतो तो लेखकाने लिहिला तसा कोड. दरम्यान मुख्य ब्रँच पुढे गेलेली असू शकते. पीआर आठवडाभर पडून असेल, तर मुख्य ब्रँच त्यात मिसळून मगच चालवावा. लोक वापरणार असतात तो मिसळलेला कोड.

आता होकार देताना मी फक्त ‘ठीक आहे’ लिहीत नाही. कोणती नोंद दिली आणि काय बाहेर आलं ते लिहितो. तिसऱ्या पीआरखाली लिहिलं होतं: ‘शेंगदाण्याचे तेल आणि शेंगदाण्याचे कूट एकाच बिलात घेतले, दोन्ही नावं पूर्ण छापली गेली, दर आपापल्या रकान्यात आहेत.’ वाचून झालेला होकार कुठला आणि चालवून पाहिलेला कुठला, हे त्यामुळे पुढच्या माणसाला विचारावं लागत नाही.