एसी नीट थंड करतोय का? साध्या थर्मामीटरने कसं ओळखायचं

एसी सुरू असूनही खोली गार होत नाही, अशी तक्रार केली की सर्व्हिसवाल्याकडून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." हे खरं असू शकतं. पण कधीकधी दोष फक्त धुळीने भरलेल्या जाळीचा असतो आणि गॅसचे काही हजार रुपये विनाकारण जातात.

यातलं नेमकं काय झालंय, याचा बराचसा अंदाज घरबसल्या घेता येतो. त्यासाठी एक डिजिटल थर्मामीटर लागतो आणि दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एसीत शिरणारी हवा बाहेर पडताना किती अंशांनी गार झाली? आणि बाहेर पडणारी हवा किती आहे?

यातली दुसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात आणि तिथेच फसतात.

मोजायचं नेमकं काय?

भिंतीवरच्या स्प्लिट एसीत खोलीतली हवा वरच्या बाजूने आत शिरते, जाळीतून आणि गार कॉइलमधून जाते आणि खालच्या झडपेतून बाहेर पडते. वरच्या आणि खालच्या हवेच्या तापमानातला फरक म्हणजे कॉइलने हवा किती अंशांनी गार केली ते. वर २७ अंश आणि खाली १६ अंश असेल, तर फरक ११ अंश.

थर्मामीटर घेताना वायरच्या टोकाला छोटा सेन्सर असलेला घ्या. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, कारण तो इतकं कमी तापमान दाखवत नाही. लांबून लाल ठिपका टाकून मोजणारी इन्फ्रारेड गनही इथे उपयोगाची नाही. ती हवेचं तापमान मोजत नाही, समोरच्या प्लास्टिकचं मोजते.

दोन्ही ठिकाणी एकच थर्मामीटर वापरा. तो एखाद अंश चुकत असेल, तर दोन्हीकडे सारखाच चुकेल आणि फरक मात्र बरोबर येईल.

मोजण्याची पद्धत

दारं-खिडक्या बंद करा. रिमोटवर कूल मोड, पंखा सर्वात जास्त वेगावर आणि तापमान १६ किंवा १८ ठेवा. इको, ड्राय, स्लीप किंवा ऑटो मोड नको. हे महत्त्वाचं आहे, कारण इन्व्हर्टर एसी खोली ठरलेल्या तापमानाजवळ आली की स्वतःहून मंद चालतो आणि तेव्हा फरक कमी दिसतो. भारतात जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या एसींचं मूळ सेटिंग २४ अंशांचं असतं, त्यामुळे चाचणीपूर्वी ते मुद्दाम खाली आणावं लागतं.

एसी १५ ते २० मिनिटं चालू द्या. मग सेन्सर वरच्या बाजूला, हवा आत शिरते तिथे दोन-तीन मिनिटं धरा आणि आकडा लिहून घ्या. त्यानंतर झडप एका जागी थांबवून सेन्सर तिच्या तोंडाशी धरा. तो प्लास्टिकला टेकू देऊ नका आणि फार आत घालू नका. आत वेगाने फिरणारा ब्लोअर असतो, वायर त्यात अडकू शकते. डावीकडे, मधे आणि उजवीकडे अशी तीन मापं घ्या आणि त्यांची सरासरी काढा.

आणखी एक माप खोलीच्या मध्यभागी घ्या. ते आणि एसीच्या वरचं माप जवळपास सारखं हवं. वरचं माप बरंच कमी आलं, तर बाहेर पडलेली गार हवा खोलीत न पसरता लगेच पुन्हा एसीत शिरते आहे, असं समजा. एसीच्या अगदी जवळ पडदा, कपाट किंवा माळा असेल तर असं होतं.

किती फरक चांगला?

खोली २७ अंशांच्या आसपास असताना दमट हवेत, म्हणजे मुंबई-कोकणात किंवा गोव्यात, साधारण ८ ते ११ अंशांचा फरक ठीक मानायला हरकत नाही. नागपूर-अकोल्यासारख्या ठिकाणी कोरड्या उन्हाळ्यात तोच एसी १२ ते १४ अंशांचा फरक देऊ शकतो.

असं का? कारण एसी दोन कामं करतो. तो हवा गार करतो आणि हवेतली वाफ पाण्यात बदलून पाइपातून बाहेर सोडतो. या दुसऱ्या कामातही त्याची बरीच ताकद जाते, पण ती थर्मामीटरवर दिसत नाही. म्हणून किनारपट्टीवर फरक थोडा कमी दिसला, तर घाबरायचं कारण नाही. पाइपातून पाणी भरपूर पडतंय का, तेही पाहा.

जास्त गार हवा म्हणजे चांगला एसी?

नाही. आणि सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

समजा, ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये दीड टनाचा एसी आहे. मे महिन्यात खोली गार व्हायला दीड तास लागतो. थर्मामीटर लावला, तर वर २९ आणि खाली १५ अंश. फरक १४ अंश. दमट ठाण्यात हा आकडा उत्तम वाटतो. झडपेजवळ हात धरला तर बर्फासारखी हवा लागते. मग खोली का तापलेली?

उत्तर हवेच्या प्रमाणात आहे. हवेचा वेग मोजणारा छोटा फिरकीचा यंत्र, म्हणजे ॲनिमोमीटर, झडपेवर धरला तर वेग सेकंदाला २.८ मीटर येतो. झडपेचं तोंड ७५ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे सेकंदाला साधारण १५० लिटर हवा बाहेर पडते आहे. दीड टनाच्या एसीसाठी ती २८० लिटरच्या आसपास हवी.

इथे एक सोपं सूत्र कामाला येतं:

गारवा (वॅट) = १.२ × हवा (लिटर प्रति सेकंद) × तापमानातला फरक

१.२ × १५० × १४ म्हणजे सुमारे २,५०० वॅट.

आता त्याच एसीची जाळी धुतली, कॉइल आणि ब्लोअरची पाती साफ केली. पुन्हा मोजल्यावर वर २९, खाली १८. फरक घटून ११ अंशांवर आला. हवा मात्र सेकंदाला २७० लिटर झाली. १.२ × २७० × ११ म्हणजे सुमारे ३,५५० वॅट.

बाहेर पडणारी हवा तीन अंशांनी कमी गार झाली, पण खोलीला मिळणारा गारवा ४० टक्क्यांहून जास्त वाढला. हवा कमी असते तेव्हा ती कॉइलवर जास्त वेळ रेंगाळते, म्हणून जास्त गार होते. पण इतकी थोडी हवा खोली गार करायला पुरत नाही.

आता पाइपाखाली बादली ठेवा. तासाभरात दोन लिटर पाणी जमलं, तर वाफेचं पाणी करण्यात आणखी सुमारे १,३५० वॅट खर्च झाले, कारण तासाला एक लिटर पाणी म्हणजे साधारण ६८० वॅट. दोन्हींची बेरीज ४,९०० वॅट. दीड टन म्हणजे सुमारे ५,३०० वॅट. घरगुती मोजमापातली चूक धरली, तर हा एसी व्यवस्थित आहे. गॅस भरायची गरज नव्हतीच.

ॲनिमोमीटर नसेल तर?

टिश्यू पेपरची पट्टी झडपेसमोर ठराविक अंतरावर धरा आणि ती किती उडते ते पाहा. मग जाळी काढून धुवा, वाळवून बसवा आणि त्याच जागी पुन्हा पाहा. फरक स्पष्ट दिसला, तर दोष जाळीचा होता. जाळी स्वच्छ असूनही हवा मंद असेल, तर आतल्या ब्लोअरच्या पात्यांत धूळ बसली असण्याची शक्यता जास्त. ती पाण्याच्या जोराने धुवावी लागते आणि ते काम सर्व्हिसवाल्याचं आहे.

मग गॅस कमी आहे हे कसं कळतं?

हवा जोरात येते, जाळी स्वच्छ आहे, एसी पूर्ण वेगाने चालतोय आणि तरीही फरक चार-पाच अंशांचाच आहे, तर दोष गार करण्याच्या यंत्रणेत आहे. आधी बाहेरचं युनिट पाहा. त्याची जाळी धुळीने किंवा कबुतरांच्या घरट्याने बंद झाली असेल, पंखा फिरत नसेल किंवा युनिट कोंडलेल्या जागेत असेल, तर उष्णता बाहेर जात नाही आणि आतली हवा गार होत नाही.

ते ठीक असेल, तर झडपेवरची तीन मापं पुन्हा पाहा. एका टोकाला हवा बरीच गार आणि दुसऱ्या टोकाला जवळपास खोलीइतकीच असेल, तर कॉइलचा काही भागच गार होतोय. कॉइलच्या एका भागावर किंवा बारीक पाइपावर बर्फही दिसू शकतो. ही गॅस कमी असल्याची लक्षणं आहेत. मात्र पूर्ण कॉइलवर बर्फ असेल, तर कारण बहुतेकदा हवेची अडचण असते. अशा वेळी एसी बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्या, जाळी धुवा आणि मगच मोजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बंद न करता नुसता गॅस भरला, तर तो पुन्हा जाणार. म्हणून "गॅस भरा" म्हणण्याआधी "गळती कुठे आहे?" हे विचारा.

थर्मामीटर काय सांगू शकत नाही?

कमी फरकामागे गॅस आहे की थकलेला कॉम्प्रेसर, हे तो सांगत नाही. त्यासाठी गॅसचा दाब आणि वीज मोजणारी साधनं लागतात.

पण फरक चांगला, हवा चांगली आणि तरीही खोली तापलेली असेल, तर एसी निर्दोष आहे, हे मात्र तो सांगतो. मग कारण खोलीत शोधा: वर तापणारी गच्ची, पश्चिमेची काचेची खिडकी, दाराखालची फट किंवा खोलीच्या मानाने लहान एसी.

सर्वात चांगली वेळ सर्व्हिसिंगनंतरची. तेव्हाचे दोन्ही आकडे, तारीख आणि पंख्याचा वेग लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तुलना तुमच्याच एसीशी होईल आणि सर्व्हिसवाल्याशी बोलताना हातात आकडा असेल.