पोटावरची पिशवी आणि तिच्याखालची कातडी

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर आमचे वडीलबंधू नाना यांच्यावर इंदूरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात कर्करोगाची गाठ होती. ती काढून आतडे जोडले, आणि तो सांधा निर्वेध भरून यावा म्हणून लहान आतड्याचे एक वेटोळे उजव्या कुशीकडे पोटाबाहेर काढून तेथे मलास वाट करून दिली. या वाटेस ‘स्टोमा’ म्हणतात आणि लहान आतड्यापासून केलेल्या स्टोमास ‘इलिओस्टॉमी’. त्यावर एक चिकट प्लेट बसते व प्लेटला पिशवी जोडलेली असते. हे सारे काही महिन्यांपुरतेच आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

दिवाळीच्या सुमारास मात्र प्लेट गळू लागली. पूर्वी जी चार दिवस टिकत असे, ती आता दिवसातून दोनदा सुटे. स्टोमाभोवतालची कातडी लालभडक होऊन ओलसर झाली आणि तिची अशी आग होई की नानांना रात्र रात्र झोप नसे. दोष अन्नाचा, असा त्यांनी ग्रह करून घेतला. त्यांनी प्रथम रात्रीचे जेवण सोडले, मग दुपारचे निम्म्यावर आणले. वहिनींनी मायेपोटी कातडीला खोबरेल तेल लावण्यास आरंभ केला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाना देवघरापाशी उभे असताना त्यांना घेरी आली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी स्टोमाची काळजी घेण्याचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकेकडे आम्ही त्यांना नेले. बाईंनी काढलेली प्लेट उलटी करून उजेडात धरली. मधल्या भोकाभोवती चिकट थर विरघळून पांढुरका झाला होता. मग त्यांनी मापाचे कार्ड स्टोमावर धरले. स्टोमा २७ मिलिमीटर भरला आणि प्लेटचे भोक निघाले ३८ मिलिमीटरांचे.

“नाना, हा साचा कधीचा?” बाईंनी विचारले.

“घरी सोडले त्या दिवशीचा. त्याबरहुकूमच कापतो आम्ही.”

चूक येथेच होती. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो, आणि पुढील सहा ते आठ आठवड्यांत तो आकसत जातो. नानांचा स्टोमा आकसला, पण भोक मात्र जुन्याच मापाचे राहिले. परिणामी सभोवती सुमारे साडेपाच मिलिमीटर रुंदीचे कातडीचे कडे उघडे पडले. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो आणि त्यात अन्न पचविणारे रस असतात. ते रस त्या उघड्या कातडीसही पचवू लागतात. कातडी ओली झाली की प्लेट धरत नाही. प्लेट सुटली की आणखी मल झिरपतो. तेलाने तर प्लेटची पकड उरलीसुरलीही गेली होती.

भोक स्टोमापेक्षा चहूबाजूंनी एक ते दोन मिलिमीटरच मोठे असावे. नानांसाठी ते ३० मिलिमीटर ठरले. याहून तंगही कापू नये. स्टोमाला वेदना जाणवत नसल्यामुळे प्लेटची कडा त्याला कापत असली तरी रुग्णास कळत नाही. पहिले दोन महिने दर आठवड्यास माप घ्यावे, आणि पुढेही वजन बरेच वाढले वा घटले तर पुन्हा घ्यावे.

प्लेट बदलण्याची रीत बाईंनी समोर करून दाखविली. सकाळी चहापूर्वी, आतडे शांत असते तेव्हा, कातडी एका हाताने दाबून धरीत प्लेट हळूहळू सोडवावी. कोमट पाण्याने धुवावे. साबण शक्यतो नको, आणि जंतुनाशक द्रव व स्पिरिट तर नकोच. पुसताना स्टोमातून थेंबभर रक्त आले तर घाबरू नये. कातडी टिपून पूर्ण कोरडी करावी. जेथे ती ओलसर, सोललेली आहे तेथे स्टोमाची पावडर भुरभुरावी आणि जादा पावडर झटकून टाकावी. तीवर आग न करणारा, स्पिरिटविरहित संरक्षक थर हलकेच टेकवून वाळू द्यावा. हे दोन-तीनदा केले की वर कोरडी खपली धरते. मग तळहातांत ऊब दिलेली प्लेट बसवून मिनिटभर दाबून धरावी. पिशवी एक-तृतीयांश ते निम्मी भरताच रिकामी करावी, नाहीतर तिच्या वजनाने प्लेट ओढली जाते. आणि प्लेटखाली खाज वा आग वाटली, तर वरून पट्टी चिकटवून दिवस ढकलू नये. प्लेट काढून पाहावे.

कातडीवरील लाली सर्वत्र एकाच कारणाची नसते. स्टोमाला लागून ओले लाल कडे असेल, तर ते गळतीचे. लाली बरोबर प्लेटच्याच आकाराची असेल, तर चिकट पदार्थ मानवत नसावा आणि प्लेट बदलून पाहावी लागते. लाल डागाच्या कडेबाहेर बारीक पुटकुळ्या विखुरल्या असतील व खाज फार असेल, तर बहुधा बुरशी असते. तिला डॉक्टरांनी दिलेली बुरशीनाशक पावडरच लागते, मलम नव्हे.

आता घेरीविषयी. उपाशी राहिल्याने मल थांबत नाही. तो अधिक पाण्यासारखा येतो आणि पोटात वायू धरतो. मोठे आतडे वाटेतून वगळले गेल्याने पाणी व मीठ शरीरात परत शोषले जात नाही. नानांना तहान लागे म्हणून ते तांब्यामागून तांब्या साधे पाणी पीत, त्याने मीठ आणखीच वाहून जाई. बाईंनी साधे पाणी आवरून जलसंजीवनी घोट घोट घेण्यास सांगितले. रक्तदाबाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावे. चोवीस तासांत पिशवीत दीड लिटरहून अधिक येऊ लागले, लघवी गडद व थोडी होऊ लागली, पायांत गोळे आले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जेवण दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे आणि चावून चावून. मऊ भात, मुगाचे वरण, सोललेला बटाटा, पिकलेले केळे, साबुदाण्याची खीर यांनी मल दाट होतो. ओले खोबरे, शेंगदाणे, संत्र्याच्या फोडीची साल आणि मका हे पदार्थ पहिले दोन महिने वर्ज्य, कारण ते अरुंद वाटेत अडकतात. सराफ्यातील भुट्ट्याचा कीस सुटला, याचे नानांना सर्वांत अधिक दुःख झाले. चार-सहा तास पिशवीत काहीच आले नाही, कळा येऊ लागल्या, उलटी झाली, तर अडथळा समजावा. अशा वेळी जुलाबाचे औषध देऊ नये, तडक रुग्णालयात न्यावे.

नव्या मापाची प्लेट पहिल्याच खेपेस तीन दिवस टिकली, आणि दहा-बारा दिवसांत कातडी कोरडी झाली. माघात ग्वाल्हेरला पुतण्याची मुंज होती. जाण्याचे नानांनी आधी साफ नाकारले होते, पण ते आले. सोबत आधीच कापून ठेवलेल्या दोन प्लेट होत्या, आणि पंक्तीत त्यांनी भात दोनदा मागून घेतला. मापाचे ते कार्ड आजही त्यांच्या दाढीच्या सामानाच्या डब्यात असते.