हप्ता कुठून येणार, ते आधी सांगा

सहकारी बँकेच्या कर्ज समितीपुढे बेकरीवाले बहुधा पावाच्या चवीपासून सुरुवात करतात. समितीला मात्र हप्त्याची काळजी असते. समजा, नवा ओव्हन ८ लाखांचा आहे. मग मालकाने असं बोलावं:

“२ लाख माझे, ६ लाख तुमचे. ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १३,०५० रुपये. मैदा, पगार, वीज आणि घरखर्च वजा जाता आज महिन्याला १४,००० उरतात. दोन हॉटेलांनी जादा पावाची लेखी मागणी दिली आहे, तिचे ८,००० धरले, तर २२,०००. श्रावणात केक कमी खपतात, तेव्हा १६,०००. ओव्हन बसेपर्यंत तीन महिने फक्त व्याज भरू द्या.”

यातलं श्रावणाचं वाक्य सर्वांत वजनदार. मंदीचा महिना मालकानेच काढला की समितीचा निम्मा संशय फिटतो. पुढचा प्रश्न ठरलेला: एक हॉटेल तुटलं तर? ४,००० गेले, तर एरवी १८,००० उरतात. श्रावणात मात्र १२,०००, म्हणजे हप्त्याला हजारभर कमी. म्हणून एका हप्त्याएवढी ठेव आधीच बाजूला दाखवावी.