पॅसेज मोकळा करा, असे शेजाऱ्याला लिहिताना

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पॅसेजमध्ये वैयक्तिक सामान ठेवू नये.’ अशी सूचना सोसायटीच्या फलकावर लागते आणि तिथेच पिवळी पडते. ज्याच्यासाठी ती लिहिली, तो ती वाचतो आणि दुसऱ्या कोणासाठी तरी असेल असे समजून पुढे जातो. चारचौघांत नाव घेण्याचा संकोच वाटतो म्हणून सेक्रेटरी असे लिहितात, तो संकोच समजण्यासारखा आहे. पण नाव, जागा, माप आणि तारीख नसलेली सूचना कोणालाच लागू होत नाही. सामान हलते ते एका घराला उद्देशून, एकाच गोष्टीबद्दल लिहिलेल्या पत्राने.

एक उदाहरण घेऊ. लिफ्ट नसलेली चार मजली जुनी इमारत. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडे आणि मधे साडेचार फुटांचा पॅसेज. समोरच्या काकांनी दाराशेजारी चपलांचे कपाट ठेवले आहे, ते १४ इंच खोल. त्याच्या समोरच्या भिंतीला नातवाची सायकल टेकवलेली असते. ती हँडलसकट २२ इंच पुढे येते. टेप घेऊन मोजले तर मधे १८ इंच उरतात, म्हणजे दीड फूट. रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर साधारण दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब असते. ते या पॅसेजमधून जाणार नाही, आणि जिन्याच्या वळणावर तर त्याला आणखी जागा लागते.

पत्र लिहिण्याआधी हे मोजमाप करावेच. ‘खूप अडचण होते’ या वाक्यावर वाद घालता येतो. ‘साडेचार फुटांपैकी दीड फूट उरतो’ यावर वाद घालायचा तर समोरच्यालाही टेप घेऊन बाहेर यावे लागते, आणि तो आला तर अर्धे काम तिथेच झाले. मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा, तारखेसकट. ते कोणाला पाठवायचे नाहीत, विशेषतः सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकायचे नाहीत. ग्रुपवर फोटो पडला की विषय सायकलीचा राहत नाही, अब्रूचा होतो, आणि मग सामान हलवणे म्हणजे हार मानणे ठरते.

त्यानंतर एकदा प्रत्यक्ष भेटावे. संध्याकाळी, घरात पाहुणे नसताना. काका ‘हो हो, बघतो’ म्हणाले आणि आठवड्याभरात सायकल खाली गेली, तर पत्राची गरजच नाही. नाही गेली, तर पहिले पत्र लिहायचे, आणि ते शेजाऱ्यानेच लिहावे. सोसायटीच्या लेटरहेडवरचे पत्र एकदम हातात पडले की माणसाला वाटते, माझ्याशी न बोलता माझी तक्रार केली. पहिले पत्र साधारण असे असावे:

‘प्रिय काका व काकू,
स. न. वि. वि.
मागच्या आठवड्यात आपले पॅसेजमधल्या सामानाबद्दल बोलणे झाले होते. काल मी मोजून पाहिले. पॅसेज साडेचार फूट आहे. कपाट आणि सायकल यांच्यामधे दीड फूट जागा राहते. आईला रात्री आधार देऊन खाली न्यायचे झाले तर दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही, आणि स्ट्रेचर तर निघणारच नाही. हीच अडचण तुमच्या घरालाही येऊ शकते.
माझी विनंती अशी की, सायकल तळमजल्यावर सायकलींच्या जागेत ठेवावी आणि कपाट घरात घ्यावे. हे येत्या १५ तारखेपर्यंत व्हावे. कपाट जड आहे, हलवायला मी आणि मुलगा रविवारी येऊ शकतो. काही अडचण असेल तर १५ तारखेआधी सांगावे, आपण बसून मार्ग काढू. त्या तारखेपर्यंत काही ठरले नाही, तर मला हा विषय समितीकडे लेखी द्यावा लागेल.
आपला शेजारी’

या पत्रात कायद्याचा एकही शब्द नाही, तो मुद्दामच टाळला आहे. पत्राचा ठामपणा दोन जागी आहे: तारखेत आणि शेवटच्या वाक्यात. ‘लवकरात लवकर’ लिहिले की ती मुदत कधीच संपत नाही. दहा-पंधरा दिवस पुरेसे असतात. मात्र मीटरच्या खोलीसमोर किंवा मेन स्विचसमोर सामान असेल तर एवढे थांबू नये, त्याच दिवशी समितीला कळवावे. आणि पुढची पायरी तीच लिहावी जी आपण खरोखर चढणार आहोत. ‘नाहीतर पोलिसांत जाईन’ असे लिहून महिनाभर काहीच केले नाही, तर दुसरे पत्र कोणी उघडूनही पाहत नाही. जिव्हाळाही दोनच जागी आहे: मदतीच्या तयारीत आणि ‘अडचण असेल तर सांगा’ या वाक्यात. खाली सायकल ठेवली की चोरीला जाते, हे कदाचित काकांचे खरे कारण असेल. तसे असेल तर तळमजल्यावर साखळी लावायला एक लोखंडी कडी बसवणे हा उपाय आहे, आणि तो त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुचणार नाही.

पत्राची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. हातात दिले तर प्रतीवर तारखेसह सही मागावी. सही मागताना अवघडल्यासारखे वाटत असेल तर ईमेलने पाठवावे. मुद्दा एवढाच की ते कधी पोचले हे पुढे दाखवता आले पाहिजे. घरात भाडेकरू असतील तर मूळ पत्र सभासदाला, म्हणजे घरमालकाला, आणि प्रत भाडेकरूला द्यावी. जबाबदारी सभासदाची असते, आणि पुढे सोसायटी पत्र पाठवणार तेही त्यालाच.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये: आपण होऊन सामान उचलून खाली ठेवणे. सायकलचा आरसा फुटला किंवा कपाटाचा पाय मोडला, तर तक्रारदार ते होतात आणि आपण उत्तर देत बसतो.

पंधरा तारीख उलटली तर सेक्रेटरींचे पत्र जाते. इथे नियम लिहावा, आणि तो नेमका लिहावा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींत स्पष्ट म्हटले आहे की जिना, पायऱ्या, जिन्यासमोरची मोकळी जागा, लिफ्ट, कॉरिडॉर, पार्किंग अशा सर्वांच्या वापराच्या जागा कोणा एका सभासदाला स्वतःसाठी अडवता येत नाहीत. अडवल्यास त्याने ती मोकळी करायची, आणि जितके महिने अडवली तितक्या महिन्यांसाठी मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम भरायची. शुल्क महिना २,५०० रुपये असेल तर हा आकार महिन्याला १२,५०० रुपये होतो. उपविधीचा क्रमांक आपल्या सोसायटीने स्वीकारलेल्या प्रतीतूनच घ्यावा, कारण आवृत्तीप्रमाणे क्रमांक बदलतात आणि चुकीचा क्रमांक लिहिला की उत्तरात फक्त तीच चूक येते. पत्रात समितीच्या ठरावाची तारीख, शेजाऱ्याच्या पहिल्या पत्राची तारीख, तीच मापे आणि नवी मुदत द्यावी. शेवटी लिहावे, ‘आपले म्हणणे लेखी किंवा समितीच्या पुढील सभेत मांडावे.’ हे वाक्य राहून गेले आणि थेट बिलात दंड लावला, तर पुढे भांडण सायकलीवरून सरकते आणि समितीने ऐकूनच घेतले नाही या मुद्द्यावर येते.

यापुढचा रस्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाकडे जातो. तो लांबचा रस्ता आहे. म्हणूनच आधीच्या दोन पत्रांवर वेळ घालवणे परवडते, आणि ती नीट लिहिलेली असतील तर तिथेही उपयोगी पडतात.

गच्चीचे प्रकरण जरा वेगळे असते, कारण तिथे बहुधा शेजाऱ्याकडे एक दावा तयार असतो: ‘बिल्डरने गच्ची आम्हाला दिली आहे.’ हे ऐकून भांडू नये, कागद मागावा. पत्रात एवढेच लिहावे: ‘गच्चीच्या वापराबद्दल आपल्याकडे नोंदणीकृत करार असल्यास त्याची प्रत १५ तारखेपर्यंत समितीला द्यावी.’ तो करार मंजूर नकाशाशी ताडून पाहावा. फ्लॅटला लागून असलेली आणि नकाशात त्या फ्लॅटसोबत दाखवलेली टेरेस ही एक गोष्ट. इमारतीच्या माथ्यावरची, जिना जिथे संपतो ती गच्ची ही दुसरी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने सामायिक जागांच्या व्याख्येत जिने, लिफ्ट, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग यांच्याबरोबर गच्चीचेही नाव घेतले आहे. बिल्डरने तोंडी दिलेल्या शब्दावर सर्वांची गच्ची एका घराची होत नाही.

बहुतेक वेळा मात्र दावा वगैरे काही नसतो, नुसत्या कुंड्या असतात. बागेची हौस असलेल्या माणसाला ‘अतिक्रमण’ हा शब्द फार लागतो. पहिल्या पत्रात तो वापरू नये. त्याऐवजी वजन आणि पाणी यांच्याबद्दल लिहावे. २०० लिटरचा ड्रम अर्धा कापून ओल्या मातीने भरला, तर तो १५० किलोच्या पुढे जातो. लोकांच्या वावराची गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखतात, आणि हा अर्धा ड्रम त्याच्या पाव भागाएवढ्या जागेवर बसतो. असे पाच-सहा ड्रम एका ओळीत, तेही पावसाळी पाइपाच्या तोंडाशी असतील, तर माती वाहून जाळी तुंबते, पाणी साचते आणि वरच्या मजल्याच्या छताला ओल येते. बाग काढा असे न सांगता, हलक्या कुंड्या वापरा, त्या कठड्यालगतच्या तुळईच्या रेषेत ठेवा, पाइपाभोवती दोन फूट मोकळे सोडा आणि पाऊस सुरू होण्याआधी ड्रम खाली घ्या, असे सांगितले तर माणूस ऐकतो. मागणी पुरी करता येण्याजोगी असली की ती पुरी होते.

गच्चीच्या दाराला लावलेल्या खासगी कुलपाबाबत मात्र तडजोड नको. आग लागली की धूर जिन्यातून वर चढतो आणि वरच्या मजल्यावरच्यांना खाली उतरता येत नाही. तेव्हा उरते ते गच्चीचे दार. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीतील सुरक्षेच्या व्यवस्था चालू ठेवण्याची जबाबदारी मालकांवर आणि राहणाऱ्यांवर टाकली आहे. अशा कुलपासाठी पंधरा दिवसांची मुदत देऊ नये. दोन दिवस पुरे, आणि नाही निघाले तर समितीने अग्निशमन केंद्राला लेखी कळवावे. कुलपाऐवजी भिंत, लोखंडी दार किंवा पत्र्याची शेड उभी राहिली असेल, तर तो महापालिकेच्या बांधकाम विभागाचा विषय होतो.

आणि पत्र देण्याआधी स्वतःच्या दाराबाहेर एकदा पाहा. समोरून येणारे पहिले उत्तर हमखास ‘मग तुमचा स्टँड?’ हेच असते. तो आधी आत घ्या, मगच १५ तारीख लिहा.