जात सरस की जागा सरस?

पाटाच्या तोंडाशी लावलेली नवी जात जास्त उतरली, तर तो गुण जातीचा की पाण्याचा? हे कळावे म्हणून आम्ही उताराला आडवे चार गट पाडतो. प्रत्येक गटात तिन्ही जाती असतात, जागा मात्र चिठ्ठ्या टाकून ठरते. तोडणीला कडेच्या सऱ्या सोडून मधलाच ऊस तोलतो.

समजा, सरासरी एकरी ४०, ४२ व ४४ टन आली. गटागटांतला जमिनीचा फरक बाजूला काढल्यावर जातींचे प्रचरण १६ व त्रुटीचे २ निघाले, तर भागाकार ८. कोष्टकातला आकडा ५.१४, म्हणजे जातींत फरक आहे. पण कोणत्याही दोन जातींतले अंतर २.४५ टनांहून जास्त असेल तरच ते धरायचे. म्हणून ४४ टनवाली ४० वालीपेक्षा सरस; ४२ वाली दोघींपासून वेगळी ठरत नाही, तिच्यासाठी बेणे बदलू नये.