जळगावचा आरोपी, लिस्बनचे कोर्ट आणि धुळ्याची फिर्याद

समजा, जळगावच्या सराफ बाजारातला एक व्यापारी लोकांच्या ठेवी घेऊन पोर्तुगालला पळाला. जळगावात फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, कोर्टाने अजामीनपात्र वॉरंट काढले, इंटरपोलची रेड नोटीस निघाली. लोकांना वाटते, आता पकडून आणायचेच तेवढे राहिले. प्रत्यक्षात रेड नोटिशीने माणूस सापडायला मदत होते, तो मिळत नाही. तो मागावा लागतो. वॉरंट, दोषारोपपत्र आणि पुराव्याची कागदपत्रे राज्याच्या गृहखात्यामार्फत दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाकडे जातात आणि तिथून दुसऱ्या सरकारकडे. ही मागणी म्हणजे प्रत्यार्पण.

तिथले कोर्ट तो दोषी आहे की नाही हे ठरवत बसत नाही. त्याने केले म्हणता ते कृत्य आमच्याकडेही गुन्हा आहे का, हे ते आधी पाहते. कलमाचे नाव जुळण्याची गरज नसते, कृत्य जुळावे लागते. ठेवीदारांना फसवणे दोन्हीकडे गुन्हा आहे, त्यामुळे इथे अडचण नाही. पण याच व्यापाऱ्यावर विनापरवाना दारू बाळगल्याचा खटलाही असेल, तर तो महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा असला तरी लिस्बनच्या कोर्टाला त्यात गुन्हा दिसणार नाही. तेवढा भाग मागणीतून गळतो.

दुसरी आडकाठी राजकीय गुन्ह्याची. आश्रयाला आलेल्या बंडखोराला त्याच्याच सरकारच्या हाती द्यायचे नाही, हा युरोपातला जुना संकेत. ब्रिटनच्या 1870 च्या प्रत्यार्पण कायद्यातही तो होता. पण 1910 मध्ये लंडनमध्ये सावरकरांना पकडले ते 1881 च्या फरारी आरोपींच्या कायद्याखाली. हा कायदा साम्राज्यातल्या साम्राज्यात माणूस पाठवण्यासाठी होता आणि त्यात राजकीय गुन्ह्याची सवलतच नव्हती. भारतात नेले जात असताना जहाजातून उडी मारून मार्सेलच्या किनाऱ्यावर पाय टेकल्यावर मात्र ते फ्रान्सच्या भूमीवर होते, म्हणून ती उडी कायद्याच्या दृष्टीनेही मोलाची. फ्रेंच शिपायाने त्यांना ब्रिटिशांच्या हवाली केले. हेगच्या लवादाने फेब्रुवारी 1911 मध्ये यात अनियमितता झाल्याचे मानले, तरी ब्रिटनवर त्यांना परत करण्याचे बंधन नाही, असाच निवाडा दिला. आपल्या 1962 च्या प्रत्यार्पण कायद्यातही राजकीय गुन्ह्याची सवलत आहे, मात्र 1993 च्या दुरुस्तीने काही गंभीर गुन्हे तिच्यातून वगळले गेले.

माझ्या मते खरी मेख यापुढे आहे. समजा, व्यापारी विमानातून उतरला आणि तेवढ्यात धुळ्यातल्या ठेवीदारांनीही त्याच्याविरुद्ध फिर्याद दिली. माणूस तर आता हातात आहे, चालवा खटला! पण तसे करता येत नाही. प्रत्यार्पण कायद्याचे कलम 21 सांगते की ज्या गुन्ह्यासाठी माणूस मिळाला, त्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा. त्याखेरीज, प्रत्यार्पणासाठी दाखवलेल्या वस्तुस्थितीतूनच निघणारा एखादा सौम्य गुन्हा चालतो, किंवा देणाऱ्या देशाने संमती दिलेला. हे बंधन माणसाला परत पाठवेपर्यंत किंवा परत जाण्याची संधी मिळेपर्यंत टिकते. हाच विशिष्टतेचा नियम.

तो किती टोचू शकतो, हे अबू सालेमच्या प्रकरणात दिसले. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला हा आरोपी सप्टेंबर 2002 मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, म्हणून त्याच डिसेंबरात उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारताच्या वतीने लेखी हमी दिली: फाशी देणार नाही आणि 25 वर्षांहून जास्त काळ डांबणार नाही. नोव्हेंबर 2005 मध्ये तो मुंबईत आला. इथे त्याच्यावर प्रत्यार्पणाच्या आदेशात नसलेली काही कलमेही लावली गेली. ती सौम्य गुन्ह्यांची आहेत, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती उचलून धरली. पोर्तुगालला ते पटले नाही. प्रत्यार्पणाच्या अटी मोडल्या म्हणून तिथल्या न्यायालयाने 2011 मध्ये प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द केली. माणूस भारतातच राहिला, पण 2013 मध्ये सीबीआयला ती जादा कलमे मागे घ्यावी लागली.

हमीचा हिशेब पुढे आला. 2017 मध्ये टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मग 25 वर्षे कधीपासून मोजायची? लिस्बनमधल्या अटकेपासून, असे सालेमचे म्हणणे. पण तिथली सुरुवातीची वर्षे बनावट कागदपत्रांच्या वेगळ्या गुन्ह्यातली होती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये 12 ऑक्टोबर 2005 ही तारीख धरली आणि मुदत संपल्यावर त्याच्या सुटकेची कार्यवाही करणे केंद्रावर बंधनकारक ठरवले. म्हणजे ऑक्टोबर 2030.

आता धुळ्याच्या ठेवीदारांचे काय? त्यांची फिर्याद आधीच नोंदलेली असती, तर ती जळगावच्या मागणीसोबतच पाठवता आली असती. उशीर झाला असेल तर तपास अधिकाऱ्याने पुन्हा गृहखाते आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या वाटेने पोर्तुगालची संमती मागायची. ती येईपर्यंत धुळ्याच्या कोर्टात त्याच्यावर खटला उभा राहू शकत नाही.