‘हे विंडोज चालणार नाही’ असे इन्स्टॉलर म्हणतो तेव्हा

विंडोज ७ वर चालणारा जुना संगणक अजून अनेक घरांत, दुकानांत आणि कॉलेजांच्या प्रयोगशाळांत दिसतो. त्यावर कोणी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाकायला जातो. पायथन ३.९ ते ३.१२ पैकी एखाद्या आवृत्तीची फाइल उतरवून डबल-क्लिक केली की खिडकी उघडते आणि लगेच नकार मिळतो: हा पायथन वापरायला किमान विंडोज ८.१ लागते, जुनी आवृत्ती संकेतस्थळावरून घ्यावी. बहुतेक जण इथेच हात टेकतात किंवा ‘मशीन बदला’ असा सल्ला ऐकतात. खरे तर त्या दोन ओळींत पुढची वाट सांगितलेली असते. प्रश्न फक्त ‘जुनी म्हणजे नेमकी किती जुनी’ एवढाच असतो.

नकार का मिळतो ते आधी पाहू. कोणताही प्रोग्राम आपली सगळी कामे स्वतः करत नाही. फाइलचा पत्ता जोडणे, खिडकी काढणे अशी कितीतरी कामे तो विंडोजमधल्या तयार फंक्शन्सकडून करून घेतो. पायथन ३.९ फाइलचे पत्ते हाताळण्यासाठी जी फंक्शन्स वापरतो, ती विंडोज ८ पासून आली. विंडोज ७ मध्ये ती नाहीतच. म्हणून कोणी इन्स्टॉलरला बगल देऊन दुसऱ्या संगणकावरचा पायथन ३.९ चा फोल्डर उचलून विंडोज ७ वर ठेवला, तरी तो सुरू होत नाही. `api-ms-win-core-path-l1-1-0.dll` ही फाइल सापडत नाही, अशी तक्रार पडद्यावर येते.

या टप्प्यावर अनेक जण ते नाव शोधून कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून ती डीएलएल उतरवतात. अशा सुट्या फाइलबरोबर काय येईल याची खात्री देता येत नाही. ‘कंपॅटिबिलिटी मोड’चाही इथे उपयोग नाही. तो प्रोग्रामला विंडोजची आवृत्ती वेगळी असल्याचे भासवतो, पण जे फंक्शन मुळात नाही ते निर्माण करू शकत नाही. उलट हा मोड चुकून चालू राहिला, तर चांगल्या विंडोज १० वरही इन्स्टॉलर जुने विंडोज समजून नकार देऊ शकतो. फाइलवर राइट-क्लिक करून Properties मधल्या Compatibility टॅबवर ती खूण काढलेली आहे ना, हे आधी बघावे.

आता योग्य आवृत्तीचा शोध. त्याची सुरुवात आपल्या संगणकापासून होते. स्टार्ट मेनूत `winver` टाइप करून एंटर दाबले की विंडोजची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक दिसतो. विंडोज ७ वर 7601 दिसले तर सर्व्हिस पॅक १ बसलेला आहे. 7600 दिसले तर नाही. दुसरी गोष्ट म्हणजे संगणक ३२ बिट आहे की ६४ बिट. Computer वर राइट-क्लिक करून Properties उघडले की System type समोर ते लिहिलेले असते.

दुसरी पायरी म्हणजे कोणती आवृत्ती कोणते विंडोज मानते ते शोधणे. पायथनचा साधारण नियम असा की मायक्रोसॉफ्ट ज्या विंडोजला विस्तारित आधार देत असते, त्याच विंडोजला नवी आवृत्ती आधार देते. विंडोज ७ चा हा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. पायथन ३.८ ऑक्टोबर २०१९ मध्ये आली होती, ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आली. म्हणून विंडोज ७ ची साथ ३.८ पाशी सुटली. पण नुसत्या तारखांवरून गणित मांडले तर फसायला होते. विंडोज ८.१ चा आधार जानेवारी २०२३ मध्ये संपला, तरी त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या ३.१२ च्या कागदपत्रांत विंडोज ८.१ चालेल असेच लिहिले आहे. ते वगळले ३.१३ ने. त्यामुळे त्या-त्या आवृत्तीच्या कागदपत्रांतले विंडोजचे पान वाचणे हाच खात्रीचा मार्ग. ‘विंडोज ७ हवे असेल तर ३.८ घ्या’ असे पायथनच्या पानावर स्पष्ट छापलेले आहे.

इथे आणखी एक खाच आहे. ३.८ च्या मालिकेत सर्वांत वरचा क्रमांक ३.८.२० आहे, म्हणून माणूस साहजिकच तोच उघडतो आणि त्याला विंडोजसाठी एकही फाइल मिळत नाही. कारण मालिका जुनी झाली की तिच्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या होतात आणि त्या केवळ सोर्स कोडच्या रूपात दिल्या जातात. इन्स्टॉलर बांधणे थांबते. ३.८ चा शेवटचा तयार इन्स्टॉलर मे २०२१ मधल्या ३.८.१० चा आहे. थोडक्यात, आपल्या विंडोजला मानणारी शेवटची मालिका आणि त्या मालिकेतला शेवटचा इन्स्टॉलर, अशा दोन गोष्टी शोधायच्या असतात.

संकेतस्थळाच्या Downloads विभागात Windows निवडले की जुन्या आवृत्त्यांची लांबलचक यादी उघडते. तिथून ६४ बिट संगणकासाठी `python-3.8.10-amd64.exe` आणि ३२ बिटसाठी `python-3.8.10.exe` घ्यावी. amd64 हे नाव पाहून इंटेलवाले बिचकतात, पण ती फाइल इंटेलच्या ६४ बिट संगणकांसाठीही असते. जुन्या ब्राउझरमध्ये पानच उघडत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणावी. चालवण्यापूर्वी फाइलच्या Properties मध्ये Digital Signatures टॅबवर Python Software Foundation हे नाव आहे का ते पाहावे.

हा इन्स्टॉलरही अडला, तर बहुधा सर्व्हिस पॅक १ किंवा विंडोजचे काही अपडेट राहिलेले असतात. संदेशात तसे लिहिलेले असते. ते मायक्रोसॉफ्टकडूनच घेऊन बसवावे. पहिल्या पडद्यावर Add Python 3.8 to PATH ची चौकट टिक करावी आणि काम झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये तपासावे:

```
py -3.8 --version
```

उत्तर `Python 3.8.10` असे आले की झाले. पुढे लागणारी पॅकेजेस `pip` ने घेतली, तर ते ३.८ ला चालणारी आवृत्ती सहसा आपणच निवडते. उदाहरणार्थ नमपायची १.२४.४, कारण त्यापुढची मालिका ३.९ मागते.

हीच पद्धत इतर सॉफ्टवेअरलाही लागू पडते. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती; फायरफॉक्सची त्यांच्यासाठीची शेवटची मालिका ११५ ईएसआर. आवृत्ती नेहमी निर्मात्याच्याच संग्रहातून घ्यावी, ‘फ्री डाउनलोड’च्या पाट्या लावलेल्या पानांवरून नाही.

मात्र पायथन ३.८ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे २०२४ मध्ये थांबले आहे आणि विंडोज ७ ला तर त्याआधीच. अशा संगणकावर प्रोग्रामिंग शिकावे, हिशेबाची छोटी कामे करावीत. बँकेचे व्यवहार आणि पासवर्ड लागणारी कामे दुसऱ्या, अद्ययावत संगणकावरच करावीत.